शाळा जबाबदार राहणार नाही

परवा लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर नोटीस आली. व्हॅनने येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. चौदा मुद्दे होते आणि त्यातल्या सहा मुद्द्यांच्या शेवटी एकच वाक्य होतं, "अन्यथा शाळा जबाबदार राहणार नाही." मूल वेळेत स्टॉपवर नसेल तर शाळा जबाबदार नाही. घ्यायला कोणी आलं नाही तर शाळा जबाबदार नाही. व्हॅनची कागदपत्रं पालकांनीच तपासावीत, शाळा जबाबदार नाही. खाली दोनशे अंगठे आणि नमस्कार.

मी पत्रकार आहे, पालक-शिक्षक संघात पण आहे. त्यामुळे डोकं फिरलं की काहीतरी टाईप करायची दुहेरी सवय. "मॅडम, मग शाळा नक्की कशाला जबाबदार आहे?" असं ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत मुख्याध्यापिका मॅडमचा फोन. चिडल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "दादा, ही नोटीस कुणामुळे काढावी लागली ते तुम्हाला माहितीय ना?"

माहिती होतं. माझ्यामुळेच.

झालं असं. लेक दुसरीत आहे. सकाळची शाळा, साडेबाराला सुटते. व्हॅन एक वाजायच्या आसपास आमच्या कोपऱ्यावर येते. बायको बँकेत, त्यामुळे दुपारी तिला घ्यायचं काम माझं. आता आमच्या धंद्याला वेळ असते का? म्हणून जूनमध्येच व्हॅनवाल्या काकांना फोनवर सांगून ठेवलं होतं, "मी दिसलो नाही तर समोरच्या किराणा दुकानात सोडा, तो आपलाच माणूस आहे." चार-पाच वेळा तसं झालंही. दुकानदार तिला बिस्कीट द्यायचा, मी दहा मिनिटांत पोचायचो. सगळं छान चालू होतं.

त्या दिवशी एका पुढाऱ्याची पत्रकार परिषद होती. बाराला बोलावलं, ते पाऊण वाजता आले. फोन सायलेंटवर. काकांनी लेकीला नेहमीसारखं दुकानासमोर उतरवलं, ती दुकानाकडे चालायला लागलेली बघितली आणि गाडी काढली. दुकान बंद होतं. दुकानदाराच्या घरी कुणाचा तरी दहावा होता. अर्धं शटर खाली होतं, ते काकांना गाडीतून दिसलं नाही.

लेक थोडा वेळ पायरीवर बसली. मग तिने ठरवलं की आईकडे जायचं. आईची बँक तिला माहीत आहे, कारण शनिवारी आम्ही तिथूनच भाजीला जातो. पण बँक राज्य महामार्गाच्या पलीकडे आहे. दिवस उसाच्या हंगामाचे. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्या रस्त्यावरून सारखे जात असतात. पेट्रोल पंपाजवळ आमच्या ओळखीच्या एका बाईंनी तिला पाहिलं आणि हाताला धरून बँकेत नेऊन सोडलं. मधली पन्नास मिनिटं ती कुणाच्याच ताब्यात नव्हती. शाळेच्या हिशेबाने ती व्हॅनमध्ये. व्हॅनच्या हिशेबाने दुकानात. बायकोच्या हिशेबाने माझ्याजवळ. आणि मी पुढाऱ्याचा बाईट घेत होतो.

काही घडलं नाही, म्हणून बातमी झाली नाही. गेली वीस वर्षं मी हेच करत आलोय, घडलं तर बातमी.

मी काकांवर ओरडायला गेलो तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर म्हणला होता, दुकानात सोडा." उत्तर नव्हतं.

तर मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुम्ही लिहिता ना, मग तुम्हीच लिहा नोटीस. पुढच्या शनिवारच्या बैठकीत ठेवू." आठ दिवस त्यावर घालवले. त्यात जे कळलं ते इथे लिहितोय, कारण बहुतेक तालुक्याच्या गावांत गोष्ट हीच असणार.

पहिल्यांदा ते वाक्य. शाळा "जबाबदार नाही" असं का लिहिते? मला वाटायचं अंग झटकणं, दुसरं काय. पण मॅडमनी कपाटातलं रजिस्टर काढून दाखवलं. आमच्या शाळेत मुलं आणणाऱ्या तेरा व्हॅन आहेत. त्यातल्या चारच पिवळ्या पाटीच्या. बाकी नऊ पांढऱ्या पाटीच्या. गाडीची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी असलेली गाडी. पाटी पांढरी म्हणजे घरगुती वापराची. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन मुलं नेणं कायद्यात बसत नाही. हे शाळेला माहीत आहे, आरटीओला माहीत आहे, पालकांना तर पाटी रोज दिसते. मग शाळा काय करते? व्हॅन ही "पालकांनी केलेली खासगी व्यवस्था" आहे असं धरून चालते. व्हॅन आपली नाही, तर ड्रायव्हर आपला नाही, यादी आपली नाही, आणि मूल गेटच्या बाहेर गेलं की तेही आपलं नाही. त्या एका वाक्याचा जन्म इथे आहे.

पण राज्याचे स्कूल बसचे २०११ सालचे नियम असं म्हणत नाहीत. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस किंवा ठाण्याचा अधिकारी, आरटीओचा निरीक्षक, शिक्षण खात्याचा माणूस, आणि गाडीवाल्यांचाही प्रतिनिधी. मुलांची ने-आण, थांबे, भाडं, गाडीची नोंदणी, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं, हे सगळं बघणं या समितीचं काम. आमच्या शाळेत समिती आहे का, विचारलं. आहे. कागदावर आहे. तिचा पालक प्रतिनिधी कोण, बघितलं तर माझंच नाव निघालं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पांढऱ्या पाटीचं भांडण मी मुद्दाम इथे जास्त लांबवत नाही. उद्या त्या नऊ गाड्या बंद केल्या तर ती शंभरेक मुलं बापाच्या मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून येतील, हे मॅडमचं म्हणणं खोटं नाही. पण एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगायला हवी होती आणि कुठल्याच नोटिशीत ती नसते. घरगुती गाडीला साधा थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीत बसलेल्यांना त्यातून संरक्षण नसतं. फुल विमा असला तरी गाडी भाड्याने चालवली म्हणून कंपनी हात वर करू शकते. म्हणजे अपघात झाला तर दवाखान्याचं बिल आणि कोर्टाच्या चकरा पालकांच्याच नशिबी. mParivahan नावाच्या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की गाडी कोणत्या वर्गात नोंदलेली आहे, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, आणि भाड्याची गाडी असेल तर फिटनेस, हे दोन मिनिटांत दिसतं. नोटिशीत आम्ही "कागदपत्रं पालकांनी तपासावीत" हे वाक्य काढलं आणि तेराही गाड्यांची ही माहिती तक्त्यात भरून गेटजवळ लावायची असं लिहिलं. पांढरी पाटी असेल तर पांढरी लिहायचं. शाळेने लपवायचं नाही, निर्णय पालकांनी घ्यावा. यावर संस्थेचे सचिव अजून नाराज आहेत.

आता वेळेचा मुद्दा. नोटिशीत होतं, "पालकांनी वेळेचे काटेकोर पालन करावे." हे वाक्य वाचून कुणीही काहीही करत नाही. म्हणून एक दिवस मी काकांच्या शेजारी बसून पूर्ण फेरी केली. अकरा मुलं, आठ थांबे. बारा चाळीसला शाळेतून निघालो. रस्ता मोकळा आणि सगळे पालक उभे असले तर ही फेरी पस्तीस मिनिटांची, म्हणजे सव्वाला संपते. दीड वाजता काकांची दुसरी फेरी सुरू होते, दुपारच्या शाळेची मुलं आणायची. म्हणजे त्यांच्या हातात पंधरा मिनिटं मोकळी. एका थांब्यावर चार मिनिटं वाट बघितली तर आठ थांब्यांची बत्तीस मिनिटं झाली. फेरी एक सत्तेचाळीसला संपणार. दोन मिनिटं थांबले तर सोळा मिनिटं, एक एकतीस. म्हणजे काका एका थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकत नाहीत, आणि थांबले तर ती वेळ पुढे कुठेतरी ॲक्सिलरेटरवर भरून काढतात. मी शेजारी बसलो होतो तरी काढली. पहिल्या थांब्यावर "आलेच, केस विंचरतेय" म्हणणाऱ्या ताईंची तीन मिनिटं आम्ही साखर कारखान्याच्या वळणावर वसूल केली. शहरातल्या स्कूल बसला ताशी चाळीसच्या वर जायला नको. काटा पंचावन्नवर होता.

हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. उशीर म्हणजे शिस्तीचा प्रश्न असं आपण समजतो. तो वेगाचा प्रश्न आहे. माझी लेक सहाव्या थांब्यावर उतरते, म्हणजे आधीच्या पाच घरांचा उशीर तिच्या अंगावर येतो.

म्हणून नवीन नोटिशीत सरळ लिहिलं की व्हॅन दोन मिनिटं थांबेल. मूल पाच मिनिटं आधी उभं राहील, रस्त्यापासून दोन पावलं आत. आणि सकाळी व्हॅन चुकली तर मोटारसायकलवर पाठलाग करून मध्ये रस्त्यात मूल चढवायचं नाही. सरळ शाळेत सोडायचं. हे शेवटचं लिहायला लागलं कारण आमच्याकडे हा रोजचा खेळ आहे. रेल्वे गेटला व्हॅन थांबली की मागून बाप येतो, चालू ट्रॅफिकमध्ये उजव्या बाजूने दार उघडायला लावतो आणि पोराला दप्तरासकट आत ढकलतो. व्हॅनचं दार डावीकडूनच उघडलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या वेळी कुणाला आठवत नाही.

त्याच फेरीत आणखी एक बघितलं. दोन गल्ल्यांमध्ये व्हॅन दारापर्यंत जाते आणि वळायला जागा नाही म्हणून रिव्हर्स बाहेर येते. उतरलेली मुलं मागेच खेळत असतात. काका आरशात बघतात, पण दुसरीतलं मूल गाडीच्या मागच्या काचेखाली सहज झाकलं जातं. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशी एक बातमी मी स्वतः केली होती, शेजारच्या तालुक्यात. मोठ्या भावाला उतरवायला व्हॅन आली आणि धाकटा घरातून पळत बाहेर आला. त्या ड्रायव्हरला मी पोलीस ठाण्यात पाहिलं होतं, तो बोलतच नव्हता. त्यामुळे "व्हॅन गल्लीत येणार नाही, तोंडाशी थांबेल, आणि शेवटचं मूल पालकाच्या हातात गेल्याशिवाय गाडी हलणार नाही" हे मी हट्टाने घातलं. बैठकीत सगळ्यात जास्त आरडाओरडा यावरच झाला. "पैसे दारापर्यंतचे घेतो की तो!" एक आजोबा म्हणाले. बरोबर आहे त्यांचं, पाय दुखतात त्यांचे. तरी मुद्दा ठेवला.

फेरी संपली की काकांनी मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं, हाही एक मुद्दा आहे. याला काका हसले, "साहेब, अकरा पोरं मोजता येतात मला." येतात. पण सकाळी झोपलेलं बालवाडीतलं पोर सीटवरून खाली घसरलेलं असतं, तेव्हा ते मोजण्यात येत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कतारमध्ये चार वर्षांची एक मल्याळी मुलगी अशीच शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली. गाडी बंद करून सगळे गेले आणि उन्हात ती गेली. तो तिचा वाढदिवस होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याची गाडी उन्हात उभी केली की आत हात लावता येत नाही. हे सांगितल्यावर काका हसायचे थांबले.

आता मूल कुणाच्या हातात द्यायचं, हा मुख्य विषय. जुन्या नोटिशीत होतं, "पाल्यास अधिकृत व्यक्तीकडेच सोपवले जाईल." अधिकृत म्हणजे कोण? गावात सगळेच अधिकृत. शिपाई मावशींना विचारलं, अनोळखी माणूस मूल न्यायला आला तर काय करता? त्या म्हणाल्या, "पोराला विचारते, हे कोण? पोरगं म्हणलं मामा, तर सोडते."

इथे मी थांबलो. कारण आपण मुलांना शिकवलेलंच तसं आहे. व्हॅनवाला काका, भाजीवाली मावशी, रिक्षावाला मामा, दुकानवाला काका. सात वर्षांच्या मुलासाठी गावातला प्रत्येक पुरुष काका किंवा मामा आहे. मूल खोटं बोलत नाही, ते संस्कार पाळतं. "हे कोण?" "मामा." यातून काहीच सिद्ध होत नाही. मावशींना आता सांगितलंय की नातं विचारायचं नाही, नाव विचारायचं. "मामाचं नाव काय? मामा कुठे राहतात?" गंमत म्हणून मी त्याच दिवशी दुसरीच्या वर्गात विचारलं. ज्यांच्या गाडीत रोज बसता त्या काकांचं नाव काय? तेहतीसपैकी चौघांना सांगता आलं. माझ्या लेकीला नाही.

त्यामुळे फॉर्म केला. प्रत्येक मुलामागे तीन नावं, आई-बाबांसकट. फोटो, फोन नंबर, सही. एक प्रत ऑफिसात, एक व्हॅनमध्ये, आणि पालकांकडे छोटं कार्ड. चौथीपर्यंतच्या मुलाला न्यायला प्रौढ माणूसच हवा, आठवीतला दादा सायकल घेऊन आला तर चालणार नाही. यावरही वाद झाला, कारण बऱ्याच घरांत तो दादाच सगळं बघतो. पाचवीपासून पुढे पालकांनी लेखी दिलं तर भावंडाबरोबर किंवा एकटं सोडायचं.

अचानक बदल करायचा असेल तर? हीच माझी चूक होती. मी बदल काकांना फोनवर सांगितला, जूनमध्ये एकदाच, आणि तो कायमचा होऊन बसला. आता बदल काकांना सांगायचा नाही. नोंदवलेल्या नंबरवरून शाळेच्या ऑफिसला सांगायचा. ऑफिस त्याच नंबरवर उलटा फोन करून खात्री करेल, वहीत लिहील आणि काकांना कळवेल. बदल त्या एका दिवसापुरताच. उलटा फोन का, असं क्लार्कने विचारलं. कारण "मी अमक्याचा बाबा बोलतोय" हे कुणीही म्हणू शकतं, पण आपण लावलेला फोन बाबाच उचलतो. बारा ते साडेबारा ऑफिसचा फोन सतत वाजतो, म्हणून बदल साडेअकराच्या आत. त्यानंतरचा बदल म्हणजे मूल शाळेतच थांबणार.

आणि स्टॉपवर कुणीच नसेल तर? जुन्या नोटिशीत याचं उत्तर नव्हतं, फक्त "शाळा जबाबदार नाही" होतं. सीबीएसईने आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांमध्ये केजीच्या मुलांसाठी हे स्पष्ट आहे. ठरलेला माणूस थांब्यावर आला नाही तर मूल परत शाळेत न्यायचं आणि पालकांना बोलवायचं. आमची शाळा स्टेट बोर्डाची, पण चांगली गोष्ट उचलायला बोर्ड कशाला आडवं येतंय? आम्ही ते चौथीपर्यंत लावलं. दोन मिनिटं झाली, कुणी नाही, तर मूल गाडीतच राहील. दुकानात नाही, शेजारी नाही, पायरीवर नाही. फेरी संपली की काका दुसऱ्या फेरीसाठी शाळेवरूनच जातात, तेव्हा ऑफिसात सोडतील, क्लार्कची सही घेतील. दुपारची शाळा चालू असतेच, म्हणजे कोणीतरी बाई हजर असतात. पालकांनी तिथून सही करून न्यायचं. काकांना यात जादा पेट्रोल लागत नाही, हे मी नकाशावर त्यांना दाखवलं तेव्हा ते तयार झाले.

बैठकीच्या आदल्या दिवशी एक ताई ऑफिसात आल्या होत्या. मी तिथेच होतो, उठायला लागलो तर मॅडम म्हणाल्या बसा, यांचंही नोटिशीत बसवायचंय. नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, केस चालू आहे. त्यांचं म्हणणं, मुलाला त्याच्या वडिलांकडे द्यायचं नाही, असं मी लिहून देते. मॅडमनी विचारलं, कोर्टाचा काही आदेश आहे का? नव्हता. आमच्या ओळखीच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, केस चालू आहे एवढ्यावरून बाप पालक राहत नाही असं होत नाही. आईच्या साध्या अर्जावर शाळेने बापाला कायमचं नाकारलं तर शाळा अडचणीत येईल. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असं आहे, पण हा मुलगा सात वर्षांचा. अंतरिम ताब्याचा आदेश मागा आणि त्याची प्रत शाळेत द्या.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आदेश येईपर्यंत त्यांनी नेलं तर?" याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी असं ठरलं की फॉर्मवर नसलेली कोणतीही व्यक्ती, आई किंवा बाप असला तरी, न्यायला आली तर मूल लगेच सोडायचं नाही. ऑफिसात बसवायचं, दुसऱ्या पालकाला फोन लावायचा, मॅडम स्वतः येतील. दोघांत वाद दिसला तर पोलीस ठाण्याला कळवायचं. हा नकार नाही, फक्त वेळ आहे. तेवढ्या वेळात आई पोचू शकते. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. पण गेटवरच्या मावशींनी एकटीने हा निर्णय घ्यावा, याच्यापेक्षा बरं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली त्यानंतर बऱ्याच शाळांनी कॅमेरे लावले, आमच्याही. चार कॅमेरे आहेत. पण मदतनीस? व्हॅनमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला दुसरा माणूस, आणि मुली असतील तर बाई, हे अजून आमच्या एकाच गाडीत आहे. त्या काकांची बायकोच बरोबर येते. बाकीचे म्हणतात, महिन्याला नऊशे रुपये मुलामागे, त्यात आणखी एक पगार कुठून काढू? अडीचशे रुपये वाढवले तर निघेल, असा हिशेब मी बैठकीत मांडला. सभागृहात एकदम शांतता. मग कुणीतरी चहाचं विचारलं. हा मुद्दा नोटिशीत "विचाराधीन" म्हणून गेलाय. मला हा शब्द आवडत नाही, आयुष्यभर सरकारी उत्तरांत वाचलाय.

नोटीस लागली. "शाळा जबाबदार राहणार नाही" हे सहा ठिकाणचं वाक्य आता एकाच ठिकाणी आहे, सचिवांच्या आग्रहाने, अगदी तळाला. बाकी ठिकाणी कोण काय करेल ते लिहिलंय. फॉर्म वाटले एकशे बारा, पहिल्या आठवड्यात परत आले चौसष्ट. त्यातल्या अकरा जणांनी तिसऱ्या नावाच्या जागी लिहिलंय, "कोणीही ओळखीचे." एकाने लिहिलंय, "गावातील." ते परत पाठवलेत.

आमच्या फॉर्मवर तिसरं नाव किराणा दुकानदाराचं आहे. त्याला विचारूनच घातलं. तो दुकान बंद करून शाळेत आला, सही केली, फोटो दिला आणि विचारलं, माझ्या घरी काही कार्यक्रम असला तर कुणाला कळवायचं? त्याला ऑफिसचा नंबर दिला. लेकीला रोज संध्याकाळी त्याचं नाव विचारतोय. आता ती पूर्ण नाव सांगते, वडिलांच्या नावासकट.